तीस अंश, पण कुणाशी?

शेजारची दहावीतली मुलगी रविवारी संध्याकाळी एक झेरॉक्स घेऊन आली. कुणाच्या तरी नोट्सवरून काढलेली, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. उजवीकडची दोन बोटं रुंदीची पट्टी काळी आली होती आणि आकृत्या नेमक्या त्या पट्टीत होत्या. वाचता येत होता तो प्रश्न असा: ‘एका दीपगृहाचा माथा समुद्रसपाटीपासून 90 मीटर उंच आहे. माथ्यावरून सोबतच्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे एक होडी पाहिली असता 30° चा कोन होतो. तर होडीचे दीपगृहापासूनचे अंतर काढा. (√3 = 1.73)’

तिच्या वहीत तीन उत्तरं होती आणि तिन्ही खोडलेली. पहिलं 155.7, दुसरं 52.02, तिसरं 180. ‘काका, यातलं बरोबर कुठलं?’ असं तिने विचारलं. खरं सांगायचं तर प्रश्न जसा समोर होता, तसा घेतला तर तिन्ही उत्तरांना आधार होता. तिचं गणित चुकलेलं नव्हतं. हरवली होती ती आकृती, आणि आकृतीसोबत एक माहितीही हरवली होती, जी शब्दांत कुठेच लिहिलेली नव्हती. उंची आणि अंतराच्या प्रश्नात असं झालं की काय करायचं, ते याच प्रश्नाच्या आधाराने सांगतो.

आधी ‘एकच कोन दिलाय’ ही भीती बाजूला ठेवा. काटकोन त्रिकोणात काटकोन सोडून आणखी एक कोन कळला की तिसरा आपोआप कळतो, म्हणजे त्रिकोणाचा आकार ठरला. तो त्रिकोण वहीएवढा की डोंगराएवढा, हे मात्र कोनावरून कळत नाही. त्यासाठी एक लांबी लागते. म्हणून एक कोन आणि एक लांबी हाताशी असली की सामान तेवढंच पुरतं. कोन आहे पण लांबी एकही नाही, अशा वेळी कितीही डोकं खाजवलं तरी मीटरमधलं उत्तर निघणार नाही. फार तर ‘उंची अंतराच्या इतकी पट’ एवढंच सांगता येईल. या प्रश्नात 90 मीटर दिलेले आहेत, तेव्हा सामान पुरेसं आहे. अडचण आहे ती हे सामान त्रिकोणात कुठे मांडायचं याची.

म्हणून आकृती नव्याने काढताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हा कोन कुठल्या रेषेशी मोजलाय? नजरेची रेषा, म्हणजे पुस्तकातली दृष्टिरेषा, ही कोनाची एक बाजू झाली. दुसरी बाजू कुठली? राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘गणित भाग 2’मध्ये त्रिकोणमितीच्या प्रकरणात उन्नत कोन आणि अवनत कोन यांच्या व्याख्या दिल्यात. दोन्हींमध्ये दुसरी बाजू एकच आहे: निरीक्षकाच्या डोळ्यातून जाणारी क्षितिजसमांतर रेषा. वर पाहिलं तर उन्नत, खाली पाहिलं तर अवनत. म्हणजे प्रश्नात ‘अवनत कोन’ हा शब्द असता तर आकृती हरवूनही काही बिघडलं नसतं, कारण त्या एका शब्दात अर्धी आकृती असते. आमच्या प्रश्नात नुसताच ‘कोन’ होता. तो शब्द ज्याने गाळला त्याने आकृतीवर भरवसा ठेवला आणि आकृती झेरॉक्सच्या काळ्या पट्टीत गेली.

आता शक्यता बघू. कागदावर एक उभी रेषा काढा, तिला AB म्हणा. A हा माथा, B समुद्रसपाटीवरचा पाया, AB = 90. B पासून उजवीकडे आडवी रेषा काढा, तिच्यावर कुठेतरी C ही होडी. A आणि C जोडा. इथपर्यंत काही वाद नाही. वाद आहे तो A पाशी 30° कुठे लिहायचे यावर, आणि तिथे दोन जागा आहेत. A मधून BC ला समांतर अशी एक तुटक रेषा काढलीत तर 30° त्या तुटक रेषेच्या आणि AC च्या मध्ये येऊ शकतात. नाहीतर त्रिकोणाच्या आत, AB आणि AC यांच्या मध्येही येऊ शकतात.

पहिल्या जागी घेतले तर तो अवनत कोन झाला. तुटक रेषा आणि BC समांतर असल्याने व्युत्क्रम कोन म्हणून C पाशीही 30° येतात. मग

tan 30° = AB / BC, म्हणून BC = 90 × √3 = 90 × 1.73 = 155.7 मीटर.

दुसऱ्या जागी घेतले तर कोन A पाशी त्रिकोणाच्या आत आहे, आणि त्याच्या समोरची बाजू BC. मग

tan 30° = BC / AB, म्हणून BC = 90 / √3 = 30√3 = 30 × 1.73 = 51.9 मीटर.

आकडे तेच, कोन तोच, सूत्रही तेच, आणि तरी एक उत्तर दुसऱ्याच्या बरोबर तिप्पट. 30° आणि 60° च्या बाबतीत हे तिपटीचं नातं नेहमीच येतं, कारण √3 ने गुणणं आणि √3 ने भागणं यांतला फरक तीन पटींचा असतो. म्हणून तुमचं उत्तर छापलेल्या उत्तराच्या तिप्पट किंवा एक तृतीयांश आलं, तर आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका. कोन चुकीच्या बाजूला मांडला गेलाय एवढंच समजा. 45° असता तर ही चूक कधी पकडलीच गेली नसती, कारण तिथे दोन्ही आकृत्या एकच उत्तर देतात.

मुलीचं 52.02 हे उत्तर इथलंच. तिने 90 ला सरळ 1.73 ने भागलं होतं. छेदातलं √3 आधी काढून 30√3 केलं असतं तर 51.9 आलं असतं. खरी किंमत 51.96 च्या जवळ आहे, म्हणजे दोन्ही उत्तरं थोडी थोडी चुकलेलीच आहेत, एक वर आणि एक खाली. पण मागच्या पानावरच्या उत्तरात बहुधा छेद मोकळा करून काढलेली किंमत असते. तेव्हा दहा-बारा सेंटीमीटरचा असा फरक दिसला तर तो आकृतीचा दोष नाही, 1.73 चा आहे.

उरलं तिचं तिसरं उत्तर, 180. ते ‘अंतर’ या शब्दातून आलं. होडी दीपगृहापासून किती लांब, याचा अर्थ तिने A पासून C पर्यंतची सरळ नजरेची रेषा असा घेतला आणि sin 30° = 90 / AC असं मांडलं. हे चूक म्हणता येत नाही. पण या प्रकारच्या प्रश्नांत नुसतं ‘अंतर’ म्हटलं की पायथ्यापासूनचं आडवं अंतर धरण्याचा प्रघात आहे. दोरी, तार, शिडी, पतंगाचा मांजा असं काही आलं तरच तिरपी बाजू विचारलेली असते. शिवाय प्रश्नातच एक खूण राहून गेली होती, ती झेरॉक्सने खाल्ली नव्हती. कंसात √3 = 1.73 दिलंय. 180 काढायला √3 लागतच नाही. प्रश्न काढणारा न लागणारी किंमत सहसा देत नाही, त्यामुळे हे उत्तर बाद झालं. आत घेतलेल्या कोनावरून तिरपी बाजू काढली तर 60√3, म्हणजे 103.8 येतात आणि तिथे √3 लागतं. पण त्या उत्तरासाठी दोन्ही ठिकाणी आडवाट धरावी लागते, म्हणून तेही मागे ठेवायला हरकत नाही.

राहिली दोन: 155.7 आणि 51.9. इथे मी तिला म्हटलं, चल, खिडकीतून बघ. आमच्या गच्चीच्या खिडकीतून लांबवर रत्नदुर्गाचा डोंगर दिसतो. तीन बाजूंनी समुद्र, एका टेकडीवर भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. (90 मीटर हा आकडा प्रश्नातला आहे, आमच्या दीपगृहाचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.) दीपगृहाचा माथा समुद्रापासून 90 मीटर उंच आहे याचा अर्थ बुरूज 90 मीटरचा आहे असा क्वचितच असतो. बुरूज असतो बेताचा, पण तो उभा असतो कातळाच्या उंच सड्यावर, आणि तोही कड्याच्या अगदी टोकाला नव्हे, थोडा आत. म्हणजे आपल्या आकृतीतला B हा बिंदू समुद्रात नाहीच. तो डोंगराच्या पोटात आहे, आणि B पासून काही अंतरापर्यंत आडव्या रेषेवर पाणी नसून जांभा आहे. मग माथ्यावरून उभ्या रेषेपासून फक्त 30° बाहेर बघितलं तर काय दिसेल? बहुतेक ठिकाणी कड्याची कडा किंवा खालचे खडक. 52 मीटरवरची होडी दिसायची तर दीपगृह जवळजवळ पाण्यातून सरळ वर आलेलं हवं. 156 मीटरवरची होडी मात्र पटण्यासारखी आहे. जागेवर उभं राहून केलेला हा विचार 155.7 च्या बाजूने झुकतो.

झुकतो एवढंच, सिद्ध करत नाही. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांना कातळ नसतो. त्यांचं दीपगृह म्हणजे सपाट पाण्यावर उभी एक रेषा. त्याच पुस्तकात 90 मीटरचं दीपगृह आणि 60° चा अवनत कोन असा एक प्रश्न आहे, आणि त्यात जहाज 51.90 मीटरवर येतं. त्या जहाजाच्या तळाला काय लागलं असेल हे कुणी विचारत नाही.

काही वेळा जागेचा विचार खरोखर निकाल लावतो, आणि तो जास्त पक्का असतो. त्याच पुस्तकातल्या धर्तीचा दोन इमारतींचा प्रश्न घ्या. 12 मीटर रुंद रस्ता, समोरासमोर दोन इमारती, एकीची उंची 10 मीटर, आणि तिच्या छतावरून दुसरीच्या छताकडे पाहिलं तर 60° चा कोन. समजा आकृती हरवली आणि ‘उन्नत’ हा शब्दही पुसला गेला. दुसरी इमारत उंच की बुटकी? बुटकी धरून बघा. 10 मीटरवरून 60° खाली पाहिलं तर नजर 10 / 1.73, म्हणजे सुमारे 5.8 मीटरवरच जमिनीला टेकते, म्हणजे रस्त्याच्या मध्याच्याही आधी. 12 मीटरवरच्या इमारतीपर्यंत ती पोचतच नाही. कोन उभ्या रेषेशी धरला तर मात्र खाली पाहण्याची एक आकृती तगते: 12 / 1.73, म्हणजे जेमतेम 6.9 मीटर खाली, समोरचं छत तीनेक मीटरवर. पण इमारत म्हणून ती जरा विचित्रच. पुस्तकी अर्थाने घ्यायचं तर दुसरी इमारत उंचच असायला हवी, आणि तिची उंची 12 × 1.73 = 20.76, अधिक पहिलीचे 10, म्हणजे 30.76 मीटर.

हे शेवटचे 10 मिळवायचे राहून जातात, तेही आकृती नसल्यामुळेच. कोनाचं टोक जमिनीवर नाही, छतावर आहे. आकृती मनातल्या मनात काढणारा माणूस नकळत निरीक्षकाला जमिनीवर आणून उभा करतो. म्हणून नवी आकृती काढताना दुसरा प्रश्न: डोळा कुठे आहे? त्या ठिकाणी ठळक टिंब द्या आणि त्या टिंबातूनच क्षितिजसमांतर तुटक रेषा ओढा. ती रेषा ओढली की समोरच्या इमारतीचे दोन तुकडे पडलेले दिसतात, आणि त्रिकोणाने काढलेला तुकडा फक्त वरचा आहे हे विसरता येत नाही.

कधी प्रश्नात निरीक्षणाच्या जागा दोन आणि कोन मात्र एकही आकड्यात नाही, किंवा एकच, असं दिसतं. इथे लगेच ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारू नका. दुसरा कोन शब्दांत दडलेला असतो. ‘एका खांबाच्या पायथ्यापासून एकाच रेषेत 4 मीटर आणि 9 मीटर अंतरावरील बिंदूंपासून त्याच्या टोकाचे उन्नत कोन एकमेकांचे कोटिकोन आहेत’ असं म्हटलं, तर एक θ आणि दुसरा 90° − θ. पहिल्यातून tan θ = h / 4, दुसऱ्यातून cot θ = h / 9. दोन्हींचा गुणाकार 1 येतो, म्हणून h² = 36, h = 6 मीटर. कोन किती अंशाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. फक्त ‘कोटिकोन’ला ‘पूरक कोन’ समजू नका. बेरीज 180° धरलीत तर एक कोन 90° पेक्षा मोठा होईल, आणि सपाट जमिनीवर उभं राहून सरळ खांबाकडे पाहताना तसा उन्नत कोन होत नाही. तसंच ‘सावली उंचीइतकीच पडली’ असं लिहिलं असेल तर तो 45° चा कोन झाला. शब्दांतला कोन हाही दिलेलाच कोन.

हे झालं छापलेल्या प्रश्नाचं. पण आकृती स्वतःच्याच वहीतून हरवते तेव्हा प्रकरण जास्त गमतीचं होतं. शाळेच्या प्रकल्पासाठी कितीतरी मुलं परसातल्या माडाची उंची मोजतात. अर्धवर्तुळाकार कोनमापक, मधल्या भोकातून दोरा, दोऱ्याला खडा, आणि सरळ कडेवर नजर लावायला पेनाची रिकामी नळी. माझ्याच एका जुन्या वहीत अशी नोंद आहे: ‘माड, 10 मी., 56°’. आकृती नाही. आता हे 56° कुठले?

नळी आडवी धरली की दोरा 90° वर लोंबतो, 0 वर नाही. नळी जितकी वर उचलाल तितका दोरा 90° पासून सरकतो. म्हणजे दोऱ्याखाली 56° दिसले असतील तर उन्नत कोन 90° − 56° = 34° झाला. मी वजाबाकी करून 56° लिहिले असतील तर उन्नत कोन 56° च. पहिल्या अर्थाने माड डोळ्याच्या वर 10 × tan 34°, साधारण 6.7 मीटर. दुसऱ्या अर्थाने 10 × tan 56°, साधारण 14.8 मीटर. डोळ्याची उंची दीड मीटर धरून मिळवली तर एक माड 8.2 मीटरचा आणि दुसरा 16.3 मीटरचा. कोकणात दोन्ही उंचीचे माड दिसतात, त्यामुळे इथे नुसत्या अंदाजाने निकाल लागत नाही.

माझ्या कामी आली ती 45° ची हद्द. उन्नत कोन 45° पेक्षा जास्त असेल तर माडाचा डोळ्यावरचा भाग तुमच्यापासूनच्या अंतरापेक्षा मोठा असतो, कमी असेल तर लहान. आपण 10 मीटरवर, म्हणजे साधारण तेरा-चौदा पावलांवर उभे होतो. तो माड आपल्याकडे आडवा पडला असता, तर शेंडा आपल्याला ओलांडून मागे गेला असता की अलीकडेच राहिला असता? मला आठवत होतं, की झावळ्या बघताना टोपी पडली होती. म्हणजे 56° हा वजाबाकीनंतरचाच कोन. पण ज्यांना अशी टोपी आठवत नाही, त्यांनी परत जाऊन त्याच झाडाकडे एकदा नुसतं बघावं. पुन्हा मोजायचीही गरज नाही. 8 मीटर की 16 मीटर हे घराच्या कौलांशी तुलना करूनही कळतं.

दोन्ही अर्थांतली अचूकताही सारखी नाही. 10 मीटरवरून 56° मोजताना एका अंशाची चूक झाली तर उंचीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो, 34° ला पाव मीटरच. वाऱ्याने खडा हलला तर एक-दोन अंश सहज इकडेतिकडे होतात. म्हणून उंच झाडापासून जरा लांब उभं राहणं फायद्याचं असतं. आणि नोंद करताना अंश लिहिले की त्यांच्याच शेजारी ‘आडव्या रेषेपासून’ किंवा ‘दोऱ्याचे’ असे दोन शब्द लिहावेत. आकृती फाटली तरी ते दोन शब्द पुरतात.

परत मुलीच्या प्रश्नाकडे. मागे उत्तर नाही, विचारायला कोणी नाही, आणि पेपरात असाच अर्धा प्रश्न समोर आला तर? आकृती नव्याने काढावी, तिच्यावर 90 मीटर, तुटक रेषा आणि 30° स्पष्ट लिहावेत, आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत सांगून टाकावं: ‘30° हा क्षितिजसमांतर रेषेशी केलेला अवनत कोन आहे असे मानून’. मग 155.7. दुसऱ्या शक्यतेचं उत्तर पानाच्या कोपऱ्यात लिहू नये. तपासणाऱ्याला दोन उत्तरं दिली की त्यातलं कुठलंच तुमचं राहत नाही. सराव करत असाल तर मात्र दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढा. 30° कुठे लिहिलेत याखेरीज त्यांत काहीच फरक नाही, हे डोळ्यांनी एकदा बघून घ्या.

तिने तसंच केलं. मंगळवारी तिला मैत्रिणीकडून मूळ कागद मिळाला. आकृतीत 30° माथ्यापाशी, बुरुजाच्या आतल्या बाजूला लिहिलेले होते आणि खाली बारीक अक्षरात उत्तर होतं: 51.90 मी. म्हणजे पुस्तकातलाच 60° चा प्रश्न कुणीतरी कोटिकोन घेऊन उलटवला होता. ती कागद घेऊन खिडकीशी गेली आणि रत्नदुर्गाकडे बघत म्हणाली, ‘काका, ही होडी कातळावर चढवली त्यांनी.’